टाळ्या आणि कुजबुजीतून भाषण सोडवताना

आमच्या व्याख्यानमालेतल्या एका भाषणाचं रेकॉर्डिंग साफ करायला माझ्याकडे आलं. मोबाइल तिसऱ्या रांगेत स्टँडवर लावलेला. त्यामुळे वक्त्याच्या आवाजासोबत आसपासची कुजबुजही आली होती आणि अधूनमधून टाळ्यांचा कडकडाट.

Audacity या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं गोंगाट कमी करणारं Noise Reduction पंख्याच्या घरघरीवर छान चालतं, कारण घरघर एकसारखी असते. एखाद्या निवांत सेकंदाचा नमुना दिला की पुरे. कुजबुज मात्र माणसाचाच आवाज, वक्त्याच्याच पट्टीतला आणि दर क्षणी बदलणारा. तिचा नमुना कसला घेणार? म्हणून ते फक्त पंख्यापुरतं वापरलं. किती डेसिबल कमी करायचं हे त्याच खिडकीतल्या Residue ने ठरवलं. तो पर्याय निवडून Preview दाबलं की जे काढून टाकलं जाणार तेवढंच ऐकू येतं. 12 वर ठेवलं तर त्यात ‘महाराष्ट्रा’तला ष आणि ‘फक्त’मधला फ स्पष्ट सापडले, हे वर्ण नुसत्या हवेचे, त्यामुळे त्यांना गोंगाटासोबत चाळणी लागते. 6 वर आणल्यावर नुसती घरघर उरली. (शेवटी Reduce निवडायला विसरू नका, नाहीतर कचराच सेव्ह होतो.)

आता कुजबुज. वक्ता बोलत असतो तेव्हा त्याच्या आवाजाखाली ती झाकली जाते, खुपते ती दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत. तेव्हा बोलण्याला हात न लावता, हव्या त्या ठिकाणी आवाज हाताने वर-खाली करता येणाऱ्या Envelope Tool ने फक्त त्या जागा 8 ते 10 डेसिबल खाली घेतल्या. पूर्ण शांत केल्या असत्या तर दर वाक्याला सभागृह बंद-चालू झाल्यासारखं वाटलं असतं. उतार-चढाव हळू ठेवला आणि वाक्य सुरू व्हायच्या जरा आधीच आवाज पूर्ववत केला, नाहीतर पहिलं अक्षर दबतं. काम कंटाळवाणं आहे, पण ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप दाबणाऱ्या नॉइज गेटपेक्षा मला हेच भरवशाचं वाटतं; जोरात हसलेला श्रोता आणि हळू बोलणारा वक्ता यांतला फरक गेटला कळत नाही.

नुसत्या टाळ्या सोप्या. मधला भाग कापून लांबी कमी केली, जोड क्रॉसफेडने, म्हणजे एक तुकडा हळूहळू विरताना दुसरा चढवून, बुजवला आणि उरलेल्या 12 डेसिबल खाली आणल्या. मोठे आवाज दाबून चढ-उतार कमी करणारा कॉम्प्रेसर मात्र सगळ्यात शेवटी लावला. त्यानंतर आवाजाची पातळी वाढवावी लागते आणि मग हळू आवाजही वर येतात; आधीच लावला असता तर कुजबुज आणखी उठली असती.

खरा पेच टाळ्या थांबायच्या आतच सुरू झालेल्या वाक्यांचा. टाळ्या खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरतात, त्यामुळे व्यंजनं त्यांत बुडून जातात आणि टाळ्या खरवडल्या तर तीही निघून जातात. ती वाक्यं मी तशीच ठेवली आणि व्हिडिओत त्यांच्याखाली मजकूर टाकला.