ऑक्टोबरच्या अंकात सप्टेंबर

पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमधली एका मासिकाची फाईल हातात आली. 64 पानं, दोन कॉलम, दर महिन्याला तीच रचना. तक्रार एवढीच होती, की पानांच्या तळाशी महिना बदलला तरी काही पानांवर मागचाच महिना छापून येतो. ऑक्टोबरच्या अंकात चार ठिकाणी सप्टेंबर. संपादकांचा राग प्रूफ वाचणाऱ्यावर निघाला होता. खरं तर प्रूफवाल्याचा यात काही दोष नव्हता.

सगळ्या पानांवर आपोआप उमटणाऱ्या गोष्टी जिथं एकदाच ठेवतात, त्या मास्टर पेजवर (नव्या इनडिझाइनमध्ये त्याला पॅरेंट पेज म्हणतात) महिना बरोबरच होता. चुकलेली चारही पानं मात्र पानभर फोटोची होती. मास्टरवरचा मजकूर त्याच लेयरवरच्या पानावरील वस्तूंच्या खाली जातो, म्हणून फोटो टाकला की तळाची ओळ त्याखाली दडते. मग आर्टिस्ट कंट्रोल-शिफ्ट धरून त्या ओळीवर क्लिक करतो, ती पानावर मोकळी करून घेतो, फोटोच्या वर आणतो आणि गडद फोटोवर दिसावी म्हणून अक्षरं पांढरी करतो. काम होतं, पण त्या चौकटीतल्या मजकुराचं मास्टरशी नातं तिथंच तुटतं. पुढच्या महिन्यात हीच फाईल 'सेव्ह ॲज' करून वापरली, की सप्टेंबर तसाच राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. नॉर्मल व्ह्यूमध्ये मास्टरवरून आलेल्या चौकटीची कड ठिपक्यांची दिसते, मोकळ्या केलेल्या चौकटीची सलग. आणि तळाची ओळ उगाच ठसठशीत वाटली तर तिथं एकावर एक दोन ओळी बसलेल्या असण्याची शक्यता मोठी, कारण मोकळी केलेली ओळ असलेल्या पानाला दुसरं मास्टर लावलं तरी जुनी ओळ जात नाही.

म्हणून आधी लेयर. सगळ्यात वर 'फोलिओ' नावाचा वेगळा लेयर केला आणि मास्टरवरची तळाची ओळ व पान क्रमांक त्यावर हलवले. फोटो खालच्या लेयरवर राहिला, की ओळ आपोआप वर दिसते आणि कुणाला ती मोकळी करावी लागत नाही.

उरला रंग. त्यासाठी A या मास्टरवर आधारलेलं B केलं, फक्त फोटोपानांसाठी. पण B वर अक्षरं पांढरी करायची तर तिथली चौकट मोकळी करावीच लागते. म्हणजे A वर बदललेला महिना B वर पोचणार नाही, आणि तोच घोळ एक मजला वर सरकेल. इथं बरेच जण थांबतात. उपाय असा की महिना हातानं टाइपच करायचा नाही. Type > Text Variables > Define मध्ये Custom Text प्रकारचं 'अंक' नावाचं व्हेरिएबल केलं आणि A व B दोन्हीवर तेच घातलं. व्हेरिएबलची व्याख्या पूर्ण फाईलसाठी एकच असते, त्यामुळे चौकट मोकळी असली तरी फरक पडत नाही. दर महिन्याला फक्त ती एक खिडकी उघडायची.

रंगासाठीही पॅरेग्राफ स्टाइलच: 'फोलिओ', आणि तिच्यावर Based On ने बसवलेली 'फोलिओ पांढरा', जिच्यात रंगाखेरीज काहीच वेगळं नाही. फाँट बदलायचा झाला तर एकाच जागी बदलतो.

मजकुराच्या स्टाइल्सचंही तेच होतं. सगळ्या एका 'मूळ' स्टाइलवर टांगल्या आणि Justification मध्ये Adobe World-Ready Paragraph Composer तिथंच ठरवला. हा लावायचा राहिला, की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते, जोडाक्षरं सुटी होतात, आणि लोक फाँटला शिव्या देतात. 'मूळ'खाली 'मजकूर': 11 पॉइंट अक्षर, 15 पॉइंट लीडिंग, बेसलाइन ग्रिडही 15 चीच आणि ओळी त्या ग्रिडला बांधलेल्या, म्हणजे दोन्ही कॉलमच्या ओळी समोरासमोर येतात. देवनागरीला ऑटो लीडिंगवर सोडू नये. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा, रेफ तिथं एकमेकांना खेटतात. वर्डमधून आलेल्या मजकुरात स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसलं, तर ऑल्ट धरून त्या नावावर क्लिक करायचं. हातानं केलेले बदल उडतात, कॅरेक्टर स्टाइलनं केलेलं ठळक राहतं.

शेवटी रिकामी फाईल .indt म्हणून ठेवली. ती उघडली की बिननावाची नवी प्रत येते. मागच्या अंकाचे अवशेष तिच्यात नसतात.

एक गोष्ट मात्र अडली. व्हेरिएबलमधला मजकूर ओळीवर तुटत नाही; इनडिझाइन त्याला एकच अक्षर समजतं. 'ऑक्टोबर' मजेत मावतो, पण जोडअंकाचं 'ऑक्टोबर-नोव्हेंबर 2024, दिवाळी विशेषांक' चौकटीच्या रुंदीत दाबून बसवलं गेलं, अक्षरं चिपाडासारखी. तूर्तास दोन व्हेरिएबल केली आहेत, एक महिन्याचं आणि एक विशेषांकाचं, मध्ये साधी स्पेस, म्हणजे ओळ तिथं तुटू शकते. एरवी दुसरं व्हेरिएबल रिकामं ठेवायचं. तळाच्या चौकटीला दोन ओळींची उंची मात्र द्यावी लागली.