पांढरं दिसलं म्हणजे

"डॉक्टर, शिबिरात गर्भपिशवीच्या तोंडाला औषध लावल्यावर पांढरं दिसलं म्हणाले. म्हणजे कॅन्सरच ना? मग तुकडाबिकडा नको, सरळ पिशवीच काढून टाका."

घाई करू नका. ते औषध म्हणजे पाण्यातलं ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, व्हिनेगरमध्ये असतं तेच. ज्या पेशींत केंद्रक मोठं आणि प्रथिनं दाटीने असतात, तिथली प्रथिनं या आम्लाने थोडा वेळ गोठतात. मग खालचा गुलाबी रंग झाकला जातो आणि तेवढी जागा पांढरी दिसते. काही मिनिटांत ती पुन्हा पूर्ववत होते. अडचण अशी की पिशवीच्या तोंडावर नवी कातडी तयार होत असते, तिच्या कोवळ्या पेशीही पांढऱ्या होतात. सूज असली तरी होतात. त्यामुळे शिबिरातलं "पॉझिटिव्ह" म्हणजे फक्त नीट बघून घ्या, एवढंच.

ते नीट बघणं म्हणजे कॉल्पोस्कोपी. बाहेर उभ्या केलेल्या दुर्बिणीतून आम्ही पिशवीचं तोंड मोठं करून पाहतो. दुर्बीण आत जात नाही. आम्ल लावून मिनिटभर थांबायचं. हे थांबणंच बऱ्याचदा चुकतं. बाहेर रांग असली की वीस सेकंदांत बघून "काही नाही" म्हणून मोकळं होतात. साधा बदल दुधात पाणी घातल्यासारखा फिकट, कडा विरलेल्या, आणि पटकन ओसरतो. खरा पूर्वकर्करोग चुना फासल्यासारखा दाट, कडा कोरीव, आणि बराच वेळ टिकतो. कधी त्यावर रक्तवाहिन्यांची फरशीसारखी नक्षी दिसते.

मागे जावेला घेऊन आलेल्या एक बाई आठवतात. वय अडतीस, दोन मुलं, ऑपरेशन झालेलं, एचपीव्ही पॉझिटिव्ह, म्हणजे हा कॅन्सर घडवू शकणारा विषाणू सापडलेला. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर बारापासून तीनपर्यंत दाट पांढरा पट्टा होता, सहाच्या जागी एक फिकट डाग. आयोडीन लावलं. निरोगी कातडीत साखरेचा साठा असतो, ती गडद तपकिरी होते. पट्टा मात्र मोहरीसारखा पिवळाच राहिला. तुकडे दोन्हीकडून घेतले, कारण डोळा फसतो आणि एकाच तुकड्यावर निदान सुटू शकतं. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. "आता खोका," म्हणायचं आणि त्या क्षणी चिमटा दाबायचा, बहुतेकींना नुसती कळ येते. रक्त थांबवायला लावलेल्या औषधामुळे दोन-तीन दिवस काळपट स्राव जातो, ते आधी सांगितलं नाही तर रात्री फोन येतो. तुकडा काढल्याने रोग पसरतो हे मात्र खरं नाही.

रिपोर्ट आला: सहाचा डाग साधा, पट्टा सीआयएन ३. म्हणजे पेशी बिघडल्यात, पण अजून खालच्या पडद्याच्या आतच आहेत. न्यूझीलंडमध्ये पूर्वी अशा काही बायकांवर पुरते उपचार झालेच नाहीत. त्यांच्यातल्या साधारण ३० टक्क्यांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. म्हणून तो काढायचा, पण त्यासाठी वेळ असतो. सीआयएन १ असता तर आपण बहुधा नुसती नजर ठेवली असती, तो बरेचदा आपोआप जातो.

बाईंनी विचारलं, "नुसतं जाळून भागत नाही का?" शेजारणीचं तसंच झालं होतं. साधारण १०० अंश तापवलेली टोपी अर्धा मिनिट टेकवायची, झालं. पण जाळलं की तपासायला काहीच उरत नाही. त्यामुळे सगळा बदल, त्याची आतली कडसुद्धा, डोळ्यांना दिसली पाहिजे आणि कॅन्सरची शंका नको. बाईंचा पट्टा वरच्या टोकाला पिशवीच्या तोंडाच्या आतल्या नळीत शिरत होता, तिथली कड दिसेना. आत काय दडलंय ते न बघता जाळणं म्हणजे घाण चटईखाली सारणं.

म्हणून लूप. भूल देऊन, वीज वाहणाऱ्या तारेच्या फासाने बदललेला भाग एका सलग तुकड्यात काढला आणि बाराच्या जागी दोरा बांधून पाठवला, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला दिशा कळते. मूल हवं असलेल्या मुलीत मी जास्त हिशेब करते, कारण जितकं खोल कापावं तितका पुढे दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो.

पिशवीचं म्हणाल तर, आत लपलेला कॅन्सर निघाला तर साध्या पद्धतीने काढलेली पिशवी अपुरी ठरते आणि पुढचा उपचार अवघड होतो. आणि सीआयएन ३ साठी पिशवी काढली तरी योनीच्या वरच्या टोकाची तपासणी सुटत नाही.

त्यांच्या तुकड्यात कॅन्सर नव्हता आणि कडा स्वच्छ होत्या. वर्षाने एचपीव्ही निगेटिव्ह आली. त्या दिवशी तपासणीच्या टेबलावर जाऊबाई होत्या.