सगळंच सिग्निफिकंट आलं असेल तर आधी एक भागाकार करा

"मॅडम, कॅज्युअल्टीत रोज किती पेशंट येतात त्यावर पॉयसन रिग्रेशन लावलं, सगळेच व्हेरिएबल सिग्निफिकंट आले, तरी तुम्ही 'ओव्हरडिस्पर्शन बघितलं का' असं का विचारता?"

कारण आकडे किती वरखाली व्हायला हवेत हे पॉयसन मॉडेल तुमच्या डेटाला विचारतच नाही, ते आधीच ठरवून बसलेलं असतं. साध्या लिनियर रिग्रेशनमध्ये चढउतार किती आहे तो डेटातूनच मोजतात, इथे मात्र सरासरी जेवढी तेवढंच व्हेरियन्स, विषय संपला. म्हणजे एखाद्या प्रकारच्या दिवशी सरासरी ४० पेशंट अपेक्षित असतील तर स्टँडर्ड डेव्हिएशन ४० चं वर्गमूळ, साधारण ६.३, आणि तसे बहुतेक दिवस २७ ते ५३ च्या मधे पडायला हवेत. तुमच्या रजिस्टरमध्ये तसल्याच दिवसांना २२ पण दिसतात आणि ७१ पण, तर मॉडेलने गृहीत धरलेल्यापेक्षा प्रत्यक्षातला पसारा जास्त आहे, यालाच ओव्हरडिस्पर्शन म्हणतात, आणि हा फरक कोइफिशंटमध्ये फारसा दिसत नाही, तो स्टँडर्ड एररमध्ये लपतो.

हे गृहीतक जिथे खरंच लागू पडतं तिथे फार सुंदर बसतं. १८९८ साली बोर्टकीविच या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियन सैन्यात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांचे आकडे मांडले होते, १० तुकड्या, २० वर्षं, एकूण १२२ मृत्यू, म्हणजे एका तुकडीत वर्षाला सरासरी ०.६१, आणि व्हेरियन्सही जवळजवळ तेवढंच. एका घोड्याच्या लाथेचा दुसऱ्या घोड्याशी संबंध नाही म्हणून. आपल्याकडे नाशिकला पेशंट असे एकेकटे येत नाहीत. मुंबई-आग्रा हायवेवर एक टेम्पो ट्रॅव्हलर उलटली की एका तासात दहाबारा जण येतात, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटलेली गर्दी, पावसाळा सरता सरता डेंग्यूचे आठवडे, सगळं घोळक्याने.

आता एक उदाहरण धरू, आकडे समजावण्यापुरते माझेच आहेत. वर्षभराचे ३६५ दिवस, रोजचे पेशंट साधारण ४०, मॉडेलमध्ये सोमवार आहे की नाही आणि तीन ऋतू. म्हणजे इंटरसेप्ट धरून ४ कोइफिशंट, उरले ३६१ डिग्रीज ऑफ फ्रीडम. सोमवारचा कोइफिशंट ०.०६ आला, लॉग लिंक असल्यामुळे e^0.06 काढायचं, ते १.०६, म्हणजे सोमवारी सुमारे ६ टक्के जास्त पेशंट. स्टँडर्ड एरर ०.०२४, भागाकार २.५, पी व्हॅल्यू ०.०१ च्या आसपास, आणि लगेच थीसिसमध्ये वाक्य जातं की सोमवारी गर्दी सिग्निफिकंटली जास्त असते. इथे थांबायचं, आणि आरमध्ये ही दुसरी ओळ चालवायची:

```
m <- glm(patients ~ monday + season, family = poisson, data = d)
sum(residuals(m, type = "pearson")^2) / df.residual(m)
```

प्रत्येक दिवसाचा खरा आकडा वजा अपेक्षित आकडा, भागिले अपेक्षिताचं वर्गमूळ, हा झाला पिअरसन रेसिड्युअल, त्यांच्या वर्गांची बेरीज करून ३६१ ने भागायचं. गृहीतक बरोबर असेल तर उत्तर १ च्या जवळ यायला हवं. समजा बेरीज ११५५ आली, म्हणजे ३.२. प्रत्यक्ष व्हेरियन्स मॉडेलच्या अंदाजाच्या तिप्पट. मग स्टँडर्ड एरर ३.२ च्या वर्गमुळाने म्हणजे १.७९ ने वाढवायची, `family = quasipoisson` लिहिलं की हेच होतं, ती ०.०४३ होते, भागाकार १.४ वर येतो, पी व्हॅल्यू ०.१६. रेट रेशो तोच १.०६, पण आधी त्याची रेंज १.०१ ते १.११ दिसत होती ती आता ०.९८ ते १.१६. सोमवारचा निष्कर्ष गेला. सगळंच सिग्निफिकंट आलं की मला शंका येते ती यामुळे.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांची राहते, ते पूर्ण कॉलमची सरासरी आणि व्हेरियन्स काढून तुलना करतात आणि ओव्हरडिस्पर्शन आहे म्हणून सांगतात. ते चालत नाही. ऋतूनुसार पेशंट कमीजास्त होतात म्हणून पूर्ण कॉलमचं व्हेरियन्स मोठं येणारच, अट आहे ती मॉडेलमधल्या गोष्टी धरून उरलेल्या चढउतारावर, त्यामुळे तपासणी मॉडेल चालवल्यानंतरच. आणि रोजचे पेशंट एकदोनच असतील, म्हणजे छोट्या केंद्रातले सर्पदंश वगैरे, तर या भागाकारावर एवढा भरवसा ठेवू नका, तिथे मॉडेलमधूनच खोटे आकडे हजारदा तयार करून त्यांच्यातल्या पसाऱ्याशी आपल्या आकड्याची तुलना करणं बरं.

३.२ आलं की लोक लगेच निगेटिव्ह बायनोमियल या जास्तीचा पसारा सामावून घेणाऱ्या मॉडेलवर उडी मारतात. मी म्हणते आधी रेसिड्युअल तारखेसमोर काढून बघा, आणि सगळ्यात मोठे दहापंधरा दिवस रजिस्टरमध्ये उघडून बघा, केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचा, कारण कारण दोन प्रकारचं असतं आणि ते चित्रात वेगळं दिसतं. एकेकटा दिवस उंच उडालेला असेल, आदल्या आणि पुढच्या दिवशी काही नाही, तर तो अपघात किंवा विषबाधा, एका घटनेतून बरेच पेशंट. पण सलग दोनतीन आठवडे सगळे रेसिड्युअल शून्याच्या वर असतील तर मॉडेलमध्ये काहीतरी घ्यायचं राहिलंय, बहुतेक वेळा साथ, आणि तीन ऋतूंच्या ढोबळ खाचांमध्ये डेंग्यूचा चढ बसत नाही. तिथे महिना किंवा आठवड्याची स्मूथ वक्ररेषा घाला, यात्रेचे दिवस वेगळे दाखवा, मग परत भागाकार करा. आपल्या उदाहरणात समजा तो ३.२ वरून १.६ वर आला. म्हणजे जास्तीचा बराचसा पसारा "रँडम" नव्हताच, तो नाशिकचा कॅलेंडर होता.

उरलेल्या १.६ साठी निगेटिव्ह बायनोमियल रास्त आहे. त्यात सरासरी μ असेल तर व्हेरियन्स μ + αμ² असतं, α म्हणजे जास्तीच्या पसाऱ्याचं माप, ४० च्या सरासरीला १.६ पट म्हणजे ६४, त्यावरून α साधारण ०.०१५. `MASS` मधलं `glm.nb` याचा व्यस्त आकडा `theta` म्हणून देतं, म्हणजे ६७ च्या आसपास, तो मोठा दिसला म्हणून घाबरू नका, theta मोठा म्हणजे पॉयसनच्या जवळ. क्वासी-पॉयसनमध्ये व्हेरियन्स सरासरीच्या प्रमाणात वाढतं, इथे वर्गाच्या प्रमाणात, म्हणून गर्दीच्या दिवसांचं वजन दोन्हीत वेगळं पडतं. पण आजचा आकडा कालच्या आकड्याला चिकटलेला असेल तर यातलं एकही मॉडेल ते सोडवत नाही, रेसिड्युअलचं एका दिवसाच्या अंतराचं ऑटोकोरिलेशन बघावंच लागतं.

उलट बाजूही आहे. ओपीडीत रोज ५० च टोकन देत असतील तर भागाकार १ च्या बराच खाली येतो, कारण गर्दी कितीही असली तरी आकडा ५० ला अडतो. तुम्ही तिथे आलेले पेशंट मोजतच नाही, दिलेले टोकन मोजता, आणि त्यासाठी रजिस्टरच वेगळं लागेल, परत पाठवलेल्यांचं. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी अंदाज हवाय असं बरेच जण विचारतायत, त्यांना मी हेच सांगते की साध्या वर्षांवर बसवलेली α त्या पर्वणीच्या दिवसांना लावू नका, २०१५ चं पर्वणीच्या तारखांचं रजिस्टर मिळत असेल तर आधी ते मिळवा.