अठरा टक्क्यांचे अठरा हजार कुठे गेले?

काकांनी मोबाईल माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "एक लाख दिले होते, अठरा टक्क्यांनी. वर्ष संपलं. हातात एक लाख चार हजार पासष्ट आलेत. अठरा हजार कुठे गेले, तेवढं सांगा."

ते निवृत्त कारकून आहेत. पैशाचा हिशेब आयुष्यभर दुसऱ्यांचा ठेवला, स्वतःचाही चोख ठेवतात. त्या दिवशी खरं तर दुसऱ्याच कामासाठी आले होते. आठ लाखांची मुदतठेव सुटली होती. त्यातले ४ लाख ८० हजार एका सहकारी बँकेत ८ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी ठेवायचे आणि उरलेले त्याच ॲपवर टाकायचे, असा बेत होता. मी गुंतवणुकीचा सल्ला देतो. बेतावर माझी नजर फिरवून घ्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा. पण अठरा हजारांचा प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाणं मला शक्यच नव्हतं.

ॲप पी-टू-पी कर्जाचं होतं, म्हणजे आपले पैसे थेट अनोळखी कर्जदारांना जातात आणि ॲप फक्त मध्यस्थ असतं. काकांचे एक लाख ५० जणांमध्ये प्रत्येकी २,००० रुपये असे वाटले गेले होते. कर्जाची मुदत बारा महिने, परतफेड दर महिन्याच्या हप्त्याने. मी कागद घेतला आणि एकाच कर्जाचा हिशेब मांडला. २,००० रुपयांवर १८ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता येतो साधारण १८३ रुपये ३६ पैसे. बारा हप्त्यांचे झाले २,२०० रुपये. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी व्याज २०० रुपये, ३६० नाही! कारण पहिल्या महिन्यापासूनच मुद्दल परत येऊ लागतं. पूर्ण वर्षाचा विचार केला तर काकांचे सरासरी ५५ हजार ६०० रुपयेच कर्जात अडकलेले होते. अठरा टक्के त्यांच्यावर मिळतात, एक लाखावर नाही.

काका कागदाकडे बघत राहिले. "बरं, मग दहा हजार तरी यायला हवे होते."

यायला हवे होते, पण पन्नासपैकी तीन कर्जदारांनी तिसऱ्या हप्त्यानंतर काही भरलं नव्हतं. त्या तिघांकडचे २७ हप्ते, जवळजवळ ४,९५० रुपये, आलेच नाहीत. ॲपचं शुल्क १,००० रुपये. पन्नास कर्जांचं पूर्ण व्याज, वरचे पैसे धरून, दहा हजार सोळा. त्यातून हे वजा केलं की उरतात ४,०६५. अडकलेल्या रकमेवर मोजलं तर ७.३ टक्के. तेवढेच पैसे तेवढेच दिवस ७ टक्क्यांच्या ठेवीत असते तर साधारण ३,९०० मिळाले असते.

इथेच थांबलो असतो तर काका म्हणाले असते, दीडशे रुपये तर जास्तच आले की. म्हणून कराचं सांगितलं. मिळालेलं व्याज उत्पन्नात धरलं जातं, पण व्यवसाय म्हणून सावकारी न करणाऱ्या माणसाला बुडालेलं मुद्दल त्या व्याजातून वजा करता येत नाही. काकांना व्याज मिळालं ९,६६४ रुपये, आणि कर त्या सगळ्यावर. त्यांच्या उत्पन्नाच्या वरच्या टप्प्याला २० टक्के दर लागतो, म्हणजे १,९३३ रुपये. हातात राहिले २,१३२. ठेवीवर कर भरून ३,११६ राहिले असते.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण ॲपवर थकबाकी दीडच टक्का दाखवतात. माझ्याच नशिबी सहा टक्के?"

हा आकडा कसा बनतो, हे मला नेहमी समजावून सांगावं लागतं. समजा, गेल्या वर्षी १० कोटींची कर्जं दिली आणि त्यातली ६ टक्के बुडाली, म्हणजे ६० लाख. यंदा आणखी ३० कोटी दिली, त्यांचा अजून एखादाच हप्ता झालाय, थकायला वेळच मिळालेला नाही. जुन्यातली बरीच फिटली असली तरी एकूण वाटलेल्या ४० कोटींवर ६० लाख काढले की दीड टक्का दिसतो. वाटप वाढतंय तोवर आकडा छान दिसतो. विचारायचं ते एवढंच: वर्षापूर्वी एखाद्या महिन्यात जी कर्जं दिली, फक्त तीच घ्या, आणि त्यातली आज किती थकली ते सांगा. काकांचे पन्नास जण म्हणजे नेमकी अशीच एक तुकडी होती.

त्यांचा शेवटचा आधार वेगळाच निघाला. "पाच लाखांपर्यंत विमा असतो ना? मग एवढं काय?" विमा असतो तो बँकेतल्या ठेवीला. पी-टू-पीला तो लागू नाही, कारण तिथे तुम्ही ठेवीदार नसता, कर्ज देणारे असता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४मध्ये नियम कडक करून स्पष्टच सांगितलं की मुद्दल बुडो की व्याज, तोटा कर्ज देणाऱ्याचा. आणि 'ठरावीक परतावा', 'हवं तेव्हा काढा' अशी जाहिरातही करायची नाही. काकांनी जून २०२४मध्ये पैसे टाकले ते असंच वाक्य वाचून. पतसंस्थेतल्या ठेवींनाही हा विमा नसतो, हे मी त्यांना त्याच दमात सांगून टाकलं, कारण पुढचा प्रश्न तोच आला असता.

मग बँकेच्या ठेवीकडे वळलो. ४ लाख ८० हजार पाच लाखांच्या आत आहेत, असं काकांनी गृहीत धरलं होतं. पण विम्याच्या पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही मोजतात. दर तिमाहीला व्याज चढत गेलं तर सहा महिने होऊन थोडेच दिवस गेले की रक्कम पाच लाखांवर जाते. मुदतीअखेर ती ५ लाख ६२ हजार होते. शिवाय त्याच बँकेत त्यांचं बचत खातं होतं, तीस हजारांचं. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी आणि खाती एकत्र धरतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बँक अडचणीत आली, तर ९२ हजार विम्याबाहेर.

४ लाख ठेवले तर दोन वर्षांनी ४ लाख ६८ हजार ६६४ होतात. बचतीचे तीस हजार धरूनही ४ लाख ९८ हजार ६६४. उरलेले चार लाख दुसऱ्या बँकेत, ७ टक्क्यांनी. पत्नीबरोबर संयुक्त ठेव केली तर त्या ठेवीला त्याच बँकेत वेगळं संरक्षण मिळतं, हे खरं. पण मला तो मार्ग नको वाटला. बँकेवर निर्बंध आले तर विम्याचे पैसे हातात यायला नव्वद दिवस लागू शकतात, आणि तेवढे दिवस घरातले सगळे पैसे एकाच जागी अडकलेले मला बघायचे नव्हते.

काकांनी स्वतःच वजाबाकी केली. पहिल्या बँकेतून ८० हजार दुसरीकडे हलवले तर एक टक्का कमी, वर्षाला ८०० रुपये.

"आठशेच?" असं दोनदा विचारून त्यांनी ठेवीच्या अर्जावरचा ४,८०,००० हा आकडा खोडला, वर ४,००,००० लिहिलं आणि बाजूला सही केली. मोबाईलवर ते तीन कर्जदार अजून दिसत होते. प्रत्येकापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं: वसुली सुरू.