ठिबकच्या दुकानातला साठा क्यूआर कोडवर आणताना

रावेर तालुक्यात आमच्या काकांचे ठिबक सिंचनाच्या सुट्या भागांचे दुकान आहे. मृगबाग आणि कांदेबाग अशा केळीच्या दोन्ही लागवडींच्या वेळी दुकानात इतकी गर्दी होते, की वहीतली नोंद आणि मांडणीवरचा माल यांचा मेळ बसत नाही. म्हणून प्रत्येक खोक्यावर क्यूआर कोड लावायचा, तो मोबाइलने स्कॅन करायचा आणि त्यातून साठ्याची नोंद बदलायची, असे एक छोटे अ‍ॅप मी स्वतः तयार केले. ते नीट चालू लागेपर्यंत बरीच उलथापालथ झाली.

पहिल्या खेपेस मी कोडमध्येच सगळे भरले होते: वस्तूचे मराठी नाव, माप, दर आणि शिल्लक नग. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा कोडमध्ये प्रत्येकी 3 बाइट घेते, त्यामुळे मजकूर सुमारे 120 बाइटचा झाला आणि कोडच्या प्रत्येक बाजूला 45 चौकोन आले. लहान लेबलावर ते चौकोन इतके बारीक उमटले, की पत्र्याच्या गोदामातील अंधुक उजेडात आणि धुळीत कॅमेरा ते वाचेना. त्याहून मोठी चूक पुढे लक्षात आली. दर बदलला किंवा एक नग विकला गेला, की लेबलावरची माहिती खोटी ठरत होती. तेव्हा मी ठरवले, की कोडमध्ये फक्त वस्तूचा क्रमांक राहील आणि बाकी सर्व माहिती अ‍ॅपमधील नोंदीत असेल.

हा क्रमांक `TH-000147` अशा रूपाचा ठेवला. इंग्रजी मोठी अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ यांना क्यूआर कोडमध्ये कमी जागा लागते. तेच अक्षर लहान लिपीत लिहिले, तर ती सवलत मिळत नाही. वरील 9 चिन्हे 21 गुणिले 21 चौकोनांच्या सर्वांत लहान कोडमध्ये मावतात, आणि तेही सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशा सर्वोच्च दुरुस्ती-पातळीवर. कोड तयार करण्यासाठी मी पायथनमधील `segno` वापरले:

```python
import segno
qr = segno.make_qr("TH-000147", error="h")
qr.save("TH-000147.png", scale=6, border=4)
```

येथे `make_qr` मुद्दाम लिहिले आहे. सुरुवातीला मी `error` न देता नुसते `make` वापरले होते आणि मजकूर लहान असल्यामुळे त्याने आपोआप मायक्रो क्यूआर तयार केला. त्याच्या एकाच कोपऱ्यात मोठा चौकोन असतो, नेहमीच्या कोडसारखा तीन कोपऱ्यांत नसतो. आमच्या दोन्ही मोबाइलना तो कोड आहे हेच ओळखता आले नाही. छापून झालेली साठ लेबले त्यापायी वाया गेली. आता छापण्यापूर्वी मी तीन कोपऱ्यांकडे नजर टाकतो.

`scale=6` यामागेही हिशेब आहे. आमचा लेबल प्रिंटर 203 डीपीआयचा आहे, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे 8 ठिपके. कोडचे 21 चौकोन आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी 4 चौकोनांइतकी पांढरी मोकळी जागा मिळून 29 होतात. प्रत्येकाला 6 ठिपके दिले, की 174 ठिपके, म्हणजे जवळजवळ 22 मिलिमीटर. 25 मिलिमीटरच्या लेबलात हे नीट बसते. चित्र लेबलभर ताणले, तर एका चौकोनाला पूर्ण ठिपके मिळत नाहीत आणि कडा फाटल्यासारख्या दिसतात. लेबलाचा कागदही मला बदलावा लागला. साध्या थर्मल कागदावरील छपाई आमच्याकडच्या मे महिन्यातील उन्हात आणि पत्र्याखालच्या उष्णतेत टिकली नाही, म्हणून शाईच्या रिबनने पॉलिस्टरच्या लेबलावर छापायला सुरुवात केली. ग्रोमेट, जॉइनर यांसारख्या चिल्लर भागांना प्रत्येकी लेबल लावण्यात अर्थ नाही. तेथे लेबल ट्रेवर असते आणि नग हाताने टाकावे लागतात.

आता ज्या अडचणीने मला सर्वाधिक शिकवले, तिच्याकडे येतो. पहिल्या अ‍ॅपमध्ये एक स्कॅन झाला, की शिल्लक एकाने कमी व्हायची. दोन इंची बॉल व्हॉल्वची नोंद 48 होती. काकांनी एकापाठोपाठ एक तीन व्हॉल्व दिले आणि तीन वेळा कोड दाखवला. नंतर ते म्हणाले, "अरे, मी तीनच दिले, हे एकवीस शिल्लक कसे दाखवतंय? खोकं तर अजून भरलेलं आहे." मी नोंदी उघडून पाहिल्या, तर तीन स्कॅनच्या तीन झुबक्यांत प्रत्येकी 9 वजाबाक्या होत्या. कॅमेरा सेकंदाला सुमारे दहा चित्रे तपासत होता, कोड समोर असेपर्यंत प्रत्येक चित्रात तो पुन्हा सापडत होता आणि प्रत्येक वेळी एक नग कमी होत होता.

त्यावर उपाय असा केला, की कोड सापडताच वाचन थांबते, वस्तूचे नाव आणि शिल्लक मोठ्या अक्षरांत दिसते, किती नग ते विचारले जाते आणि "नोंदवा" दाबल्यावरच पुढचे स्कॅन सुरू होते. `TH-` ने सुरू न होणारा कोड अ‍ॅप नाकारते, कारण उत्पादकाच्या खोक्यावर त्यांचा स्वतःचा कोड असतो आणि घाईत तोच स्कॅन होतो.

एवढ्यानेही काम भागले नाही. गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात नेटवर्क तुटते. "नोंदवा" दाबल्यावर माहिती संगणकापर्यंत पोहोचायची, परंतु पोहोचल्याचे उत्तर मोबाइलकडे येत नसे, म्हणून हाताखालचा मुलगा पुन्हा दाबायचा. एकाच वस्तूच्या, तेवढ्याच नगांच्या दोन नोंदी दहा-बारा सेकंदांच्या अंतराने दिसल्या, तेव्हा कारण ध्यानात आले. म्हणून शिल्लक आकडा थेट बदलणे मी बंद केले आणि प्रत्येक देवघेव वेगळी ओळ म्हणून लिहू लागलो:

```sql
INSERT INTO vyavahar (scan_id, code, qty)
VALUES (?, 'TH-000147', -3)
ON CONFLICT(scan_id) DO NOTHING;
```

`scan_id` ही मुख्य किल्ली आहे. ती कोड वाचला जातो त्याच क्षणी मोबाइलवर तयार होते, बटण दाबताना नव्हे. त्यामुळे बटण दहा वेळा दाबले तरी किल्ली एकच राहते आणि दुसरी ओळ पडत नाही. शिल्लक म्हणजे त्या वस्तूच्या सर्व `qty` ची बेरीज. आलेला माल अधिक, गेलेला उणे.

ब्राउझरमध्ये कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथे नोंदवतो. दुकानातील संगणकाच्या साध्या `http` पत्त्यावर मोबाइलचा कॅमेरा सुरूच होत नाही, त्यासाठी `https` लागते. माझे दोन दिवस या शोधात गेले.

महिनाभराने आम्ही वीस वस्तू निवडून हाताने मोजल्या. अठरा जुळल्या. बॉल व्हॉल्वमध्ये दोन नग कमी निघाले, कारण ओळखीच्या शेतकऱ्याला रात्री उशिरा दुकान उघडून ते दिले होते आणि स्कॅन राहून गेले. स्क्रीन फिल्टरमध्ये एक नग जास्त निघाला; तो परत आलेला होता आणि आत घेताना नोंदवलेला नव्हता. काकांनी आकडा सरळ बदलायला सांगितला, पण मी तसे न करता उणे 2 आणि अधिक 1 अशा दोन नव्या ओळी "मोजणी" या कारणासह टाकल्या. त्या ओळी आजही अ‍ॅपमध्ये तशाच दिसतात.