पिन विसरले, आणि मग खातंही बदललं

मी साताऱ्यात घरगुती डबे पोचवते. महिन्याचे पैसे डबा घेणारी मुलं मोबाइलवर टाकतात. पैसे यायला पिन लागत नाही, त्यामुळे माझा यूपीआय पिन वापरला जायचा तो फक्त गॅसवाल्याला पैसे देताना. त्या दिवशी सिलिंडर दारात आला आणि पिन काही आठवेना. दोनदा चुकल्यावर हात आवरला. तिसऱ्यांदा चुकलं की बँक बहुतेक दिवसभरासाठी व्यवहार अडवते, हे शेजारच्या काकूंच्या बाबतीत पाहिलं होतं. गॅसवाल्याला रोख दिले.

मला वाटलं, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की पिनही नवा मिळेल. भाच्यानं फोनवरच थांबवलं. "मावशी, पिन अ‍ॅपचा नसतो, खात्याचा असतो. दुसरं अ‍ॅप घेतलंस तरी त्या खात्याला तोच पिन लागणार."

मग अ‍ॅपमध्ये बँक खात्यावर जाऊन 'Forgot UPI PIN' दाबलं. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष मागितलं. इथंच गाडी अडली, कारण माझ्या कार्डाची मुदत संपून गेली होती. नवं कार्ड पाकिटातच पडून होतं, एटीएमवर त्याचा पिनच तयार केलेला नव्हता. आधारचा पर्याय होता, पण आधारला मोबाइल नंबर जुना, बँकेत वेगळा. दोन्हीकडे एकच नंबर असल्याशिवाय तो रस्ता चालत नाही. शेवटी पोवई नाक्याजवळच्या एटीएमवर जाऊन कार्ड चालू केलं. घरी येऊन त्याचे आकडे टाकले, ओटीपी आला, नवा पिन दोनदा टाकला, झालं. ओटीपी अ‍ॅपनं स्वतःच उचलला. तो कुणाला फोनवर सांगायची वेळ येत नाही, आणि कुणी विचारलाच तर तो चोर समजावा.

एवढं झालंच आहे तर डब्याचे पैसे घरखर्चात मिसळू नयेत म्हणून नवं खातंही जोडायला घेतलं. अ‍ॅपनं 'खातं सापडलं नाही' म्हटलं. नेट खराब असेल म्हणून मी दोन दिवस तसेच घालवले. खरं कारण, शाखेनं माझ्या नंबरात एक आकडा चुकीचा टाकला होता. अ‍ॅप खातं शोधतं ते मोबाइल नंबरावरूनच! अर्ज देऊन नंबर दुरुस्त झाला, दुसऱ्या दिवशी खातं दिसलं. त्यालाही त्याचा स्वतंत्र पिन ठेवावा लागला.

खातं जोडलं म्हणजे पैसे तिकडे जायला लागतात असं मात्र नाही. डबा घेणारा पहिला मुलगा पैसे टाकून मोकळा झाला, मेसेज आला जुन्या बँकेचा. नवं खातं 'Primary' करायचं राहिलं होतं. ते केल्यावर भाच्याला एक रुपया टाकायला लावला, मेसेज नव्या बँकेचा आला. दारावरचा क्यूआर बदलावा लागला नाही, यूपीआय आयडी तोच राहिला.

जुनं खातं अजून अ‍ॅपमधून काढलेलं नाही, मोबाइल रिचार्जचं ऑटोपे त्यातूनच कापलं जातं.