तीन धावांनी

क्लबच्या वार्तापत्रात सामन्याचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे कसं आलं, ते आता आठवत नाही. बहुधा मी एका बैठकीला गैरहजर होतो. जिंकलो की ते सोपं असतं. गेल्या महिन्यात मात्र आम्ही तीन धावांनी हरलो, आणि माझा रविवार त्यात गेला.

सामना ३० षटकांचा. त्यांच्या १८७, आमच्या १८४. शेवटच्या चेंडूवर चार हव्या असताना आमच्या सोळा वर्षांच्या पोरानं उंच फटका मारला आणि तो सीमारेषेच्या हातभर आत झेलला गेला. मी घरी येऊन पहिलं वाक्य लिहिलं, ‘अखेरच्या चेंडूवर विजय निसटला.’ वाक्य झकास होतं. पण ते छापून आलं की पोराच्या कपाळावर पराभवाचा शिक्का कायमचा. म्हणून स्कोअरबुक उघडलं.

आमच्या डावाच्या पानावर सकाळच्या तर्री-पोह्यांचा लाल डाग होता, नेमका एका गोलंदाजाच्या आकड्यांवर. नागपुरातल्या स्कोअरबुकाला हे नवीन नाही. अशा वेळी एक ताळा उपयोगी पडतो. वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या नावावर लागतात, बाय आणि लेगबाय लागत नाहीत. बाय ४, लेगबाय ७. म्हणजे १८४ मधून ११ वजा केले की पाच गोलंदाजांनी मिळून १७३ दिल्या. चौघांच्या स्पष्ट दिसत होत्या, बेरीज १३७. डागाखाली ३६. हा ताळा जुळल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. बाकी वृत्तान्तात कल्पनाशक्तीला मोकळं रान असतं, इथे नाही.

मग एकेक षटकावर बोट ठेवत गेलो. १४ षटकांत २ बाद ९२. म्हणजे उरलेल्या ९६ चेंडूंत बरोबर ९६ हव्यात. आमच्या खेळपट्टीवर हा हिशोब फलंदाजांच्या बाजूचा. २० षटकांनंतर पाहिलं तर ३ बाद १०९. मधल्या ३६ चेंडूंत १७ धावा, आणि चौकोनांत ठिपकेच ठिपके; मोजले तर २३ निर्धाव चेंडू. चौकार एकही नाही. आता ६० चेंडूंत ७९ हव्या होत्या. त्या काळात मैदानावर कुणी ओरडलं नव्हतं, कुणी डोक्याला हात लावला नव्हता. सामना हातातून जात होता तेव्हा आमचा अर्धा संघ झाडाखाली दुसरा चहा पीत होता.

पोराचा आकडा आता पाहिला: ९ चेंडूंत १४. शेवटच्या चेंडूपर्यंत गणित जिवंत होतं ते त्याच्यामुळे.

सेक्रेटरी काकांना फोन केला. ते म्हणाले, “आकडे कमी टाक ना भाऊ, लोकं वाचत नाहीत.” त्यांचं चूक नाही. २०२५ च्या मार्चमध्ये जामठ्याला विदर्भानं रणजी जिंकली. सामना अनिर्णित, करंडक पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. केरळचा कप्तान सचिन बेबी त्या डावात ९८ वर बाद झाला होता. पाच दिवसांच्या क्रिकेटमधले हे दोनच आकडे सांगितले तरी ऐकणारा कान टवकारतो. बाकीचे धावफलकात शोभतात.

मीही मोजकेच ठेवायचे ठरवले: ९६ ला ९६, ठिपके २३, पोराचे ९ चेंडूंत १४. आणि आमचे वाइड १९, त्यांचे ६. वाइडची एक धाव दिसते, पण वर चेंडूही पुन्हा टाकावा लागतो. आमचं २८ वं षटक नऊ चेंडूंचं झालं आणि नवव्यावर चौकार बसला. मात्र ‘वाइड टाकले नसते तर जिंकलो असतो’ असं लिहिलं नाही. एक चेंडू वेगळा पडला की पुढचा सगळा सामनाच वेगळा होतो. मग सोयीच्या तीन धावा तेवढ्या उचलता येत नाहीत.

राहिलं १७ वं षटक. तिथे दोनाचा आकडा खोडून एक केलेला होता. एका फलंदाजानं पहिली धाव घेताना बॅट क्रीजच्या आत टेकवलीच नाही आणि तो वळला. अंपायरनं बोटं खांद्याला लावून धाव कापली. मी लिहिलं, ‘या टप्प्यात एक धाव आखूड ठरली.’ मराठीत हे फार सोयीचं आहे. धाव आपोआप आखूड ठरते, कप आपोआप फुटतो.

ते ३६ चेंडू कोण खेळत होतं, हेही मी गाळलं होतं. दोघांपैकी एकानं १४ चेंडूंत १० केल्या. दुसऱ्यानं २२ चेंडूंत ७, त्यातले १६ ठिपके, आणि ती आखूड धावही त्याचीच.

काकांनी कच्चा मजकूर वाचून विचारलं, “हा दुसरा कोण बे?”

मी वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘१७ व्या षटकात प्रस्तुत लेखकानं बॅट टेकवली नाही.’